एक्केचाळिसाव्या मिनिटाला कोण बोललं?

आमच्या ऑफिसात तिला सगळे मिनिटबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. पन्नाशीची बाई, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान, सासू घरात अंथरुणाला खिळलेली. सकाळी सातला ऑफिसात येऊन कानाला हेडफोन लावते आणि आदल्या दिवशीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकते. मशीन आपोआप सारांश काढून देतं, तरीही ऐकते. मला हा शुद्ध वेळखाऊपणा वाटायचा आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

आम्ही डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रुग्णाला कोणत्या दिवशी, किती वाजता यायचं ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं आणि आदल्या दिवशी फोन करून आठवणही देतं. केंद्रं दूरदूरच्या देशांत. मीटिंग आमच्या दुपारी चारला, तेव्हा सगळ्यात लांबच्या केंद्राच्या मुख्य नर्सबाईंकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्या कशाला येतील! त्यांच्यासाठी आणि अशाच इतरांसाठी मिनिटबाई टिपण पाठवते. वर काय ठरलं, कोण हो म्हणालं, रेकॉर्डिंगच्या कितव्या मिनिटाला. खाली प्रत्येक गैरहजर माणसाच्या नावापुढे त्याच्यापुरतेच प्रश्न, उत्तराची मुदत त्याच्या घड्याळाप्रमाणे, आणि उत्तर आलं नाही तर काय धरलं जाईल तेही.

त्या मंगळवारी साहेबांनी सुचवलं की आठवणीचे फोन शुक्रवारपासून बंद करू, मोबाइलवर संदेश पुरे. मग विचारलं, कुणाची हरकत? कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. चहा गार होत होता. साहेब पुढच्या विषयाकडे वळले. मशीनच्या सारांशात आलं: ‘निर्णय: फोन बंद. सर्वांची संमती.’

बुधवारी सकाळी मिनिटबाईचं टिपण आलं. सॉफ्टवेअरचे स्क्रीन आखणाऱ्या मुलीला एकच प्रश्न होता, संदेशाची अक्षरं केवढी ठेवायची. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर मोठी धरू. फोनची गोष्ट मात्र निर्णयांत नव्हतीच. ती नर्सबाईंच्या नावाखाली होती: ‘मिनिट ४१. फोन बंद करण्याची सूचना. साहेब बोलले, बाकी सगळे गप्प. फोन बंद झाले तर तुमचे किती रुग्ण दिवस चुकवतील? तुमच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा. उत्तर येईपर्यंत फोन चालू राहतील.’ आणि त्याच्या खाली, गैरहजरांच्या यादीत, माझंही नाव.

माझं डोकं फिरलं. तिच्या टेबलाशी जाऊन सांगितलं की मी तिथे खुर्चीत बसलो होतो.

“बसला होतात,” ती म्हणाली, “पण रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज कुठे आहे? सॉफ्टवेअरमधला फोनचा भाग तुम्हीच लिहिलाय ना?”

साहेबही आले. निर्णय झालाय, ‘सर्वानुमते’ लिहा म्हणाले. तिने शांतपणे एक्केचाळिसावं मिनिट लावून दिलं. साहेबांचा प्रश्न, चार सेकंद शांतता, पुढचा विषय. ज्यांची हरकत असेल त्या झोपल्या होत्या, एवढंच ती म्हणाली. साहेब तणतणत गेले, पण टिपण बदला असं पुन्हा म्हणाले नाहीत.

गुरुवारी सकाळी नर्सबाईंचं उत्तर येऊन पडलेलं होतं. एकतीस रुग्णांकडे मोबाइल नाही, घरचा जुना फोनच. त्यांतल्या दोघांना दिसत नाही. पुढे लिहिलं होतं: ‘विचारलंत, बरं झालं. जानेवारीत तुम्ही वार आणि वेळा बदलल्या तेव्हा विचारलं नव्हतं. चौघे चुकीच्या दिवशी आले. तिघे अजून येतात.’

मी ते दोनदा वाचलं. साहेबांनीही वाचलं असणार, कारण दहा मिनिटांत फोन चालूच ठेवायचा निरोप आला.

मिनिटबाई आमच्याकडे मार्चमध्ये लागली. त्याआधी टिपण मी लिहायचो. मशीनचा सारांश उचलायचा, पाठवायचा, दोन मिनिटांचं काम. जानेवारीचं टिपण उघडलं. एकच ओळ: ‘नवे वार आणि वेळा सोमवारपासून लागू. सर्वानुमते.’ गैरहजर कोण, ते लिहिलेलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मी ते मिनिटबाईला दाखवलं. वाटलं होतं, आता ही सुनावणार. तिने वाचलं, हेडफोन काढून माझ्यासमोर ठेवले.

“रेकॉर्डिंग असेल ना त्याचं?”

असेल म्हणालो.

“मग आधी ऐका. काय ठरलं, कोण बोललं, नर्सबाईंना काय विचारायचं राहिलं, सगळं लिहा. जानेवारीचं नवं टिपण तुमच्याकडून येतंय असं मी त्यांना कळवते. कधीपर्यंत, ते सांगा.”

मी घड्याळात पाहिलं, साडेबारा तास वजा केले.

“त्यांच्या सकाळी आठपर्यंत,” मी म्हणालो, आणि हेडफोन कानाला लावले.