अडतीस वर्षांचा सरंजामे

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, नवऱ्याला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगते आहे.

माझे काका रेल्वेत तारबाबू होते. उज्जैनला फ्रीगंजमध्ये राहायचे आणि मराठीत हेरकथा लिहायचे. त्यांचा हेर माधव सरंजामे. त्या कथा पुण्याला छापल्या जायच्या आणि आमच्या माळव्यातल्या मराठी घरांतून पार फाटेपर्यंत वाचल्या जायच्या. आई-वडील गेल्यावर मी काका-काकींकडेच वाढले. काकांची मुद्रितं मी तपासायची. तेव्हा सरंजामेला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं, हे लक्षात ठेवा. चूक अजाणतेपणी झाली असं मला म्हणता येणार नाही.

सरंजामेचं एक वेगळेपण होतं – तो म्हातारा होत होता. पन्नासच्या दशकातल्या पहिल्या पुस्तकात तेहतीस वर्षांचा, ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतलेला. मग पुस्तकागणिक केस पिकले, चाळिशी लागली, टांग्यातून उतरून तो ऑटोत बसायला लागला. त्याची बायको ललिता मूळ आमच्या काकींवरूनच घेतलेली. काकी गेल्या, त्यानंतरच्या पुस्तकात सरंजामे विधुर झाला. त्या पुस्तकात तो दाढी न करता खुनी शोधतो. ती पानं मला आजही पाठ आहेत – पण माझ्या पाठांतराचं कौतुक इथे कशाला?

नव्वद साल उलटलं. टॉवर चौकात परदेशी थंड पेयांच्या पाट्या लागल्या, गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बूथ आले. आणि महाकालाच्या दर्शनाला म्हणून आलेले प्रकाशक आमच्या बैठकीत पोहे खात म्हणाले, "सगळी मालिका नव्यानं काढू. नव्या कथाही हव्यात. पण काका, सत्तरीचा हेर कोण वाचणार? सरंजामे कायम अडतीसचा ठेवू."

"आणि त्याची लढाई?" काकांनी विचारलं.

"तीही पुढे सरकवायची. वय थांबतं, भूतकाळ त्याच्यामागून सरकत येतो. सगळीकडे असंच करतात."

हे खरंच होतं. दीर्घ मालिकेपुढे मोजकेच रस्ते असतात. हेराला म्हातारा होऊ द्यायचं, काका करत होते तसं. किंवा जुन्या कथा त्यांच्याच काळात राहू द्यायच्या, आरंभी साल छापायचं, नव्या कथाही त्याच काळात घडवायच्या. किंवा त्याच नावाचा मुलगा आणायचा. नाहीतर हे – हेर तोच, वय तेच, आणि भोवतीचं जग दर आवृत्तीला बदलायचं.

काका म्हणाले, "साल छापा. माझी काही हरकत नाही. पण त्याला हात नाही लावायचा. बिलकुल नाही."

इथे मला संताप येतो. प्रकाशकांचा येतो – बोटाला लागलेली शेव पुसत त्यांनी एका माणसाची चाळीस वर्षं मोडीत काढली. पण ते निदान उघडपणे मागत होते. मी काय केलं? त्यांना स्टेशनवर सोडायला गेले आणि म्हणाले, "काकांना मी समजावते. बदल मी करून देईन. नव्या कथाही मीच लिहीन." मला माझं नाव मुखपृष्ठावर हवं होतं. सत्तरीतला सरंजामे मला नव्यानं लिहिता आला नसता. अडतीसचा आला असता. इतकं साधं होतं ते.

मी काकांना कधी विचारलंच नाही. प्रकाशकांना कळवलं – काकांची संमती आहे.

काम सोपं नव्हतं. आण्यांचे रुपये करता येतात, टांग्याची मारुती करता येते. पण एका कथेत खुनी म्हणतो, मी तेव्हा देवासला होतो, तिथूनच इंदूरला ट्रंककॉल केला. सरंजामे त्याला पकडतो, कारण कॉल जोडणाऱ्या बाईला आठवतं – तो उज्जैनहूनच नोंदवला होता. एसटीडी आलं की ती बाईच नाहीशी! साक्षीदारच उरत नाही. मी बूथवाला आणला, तर त्याच्या छापील पावतीवर बूथचं गाव, नंबर आणि वेळ. रहस्य दुसऱ्या प्रकरणातच संपलं. मग पावतीचं यंत्र बिघडवलं. काकांची अख्खी गोष्ट कॉल जोडणाऱ्या त्या बाईवर उभी होती. ती काढल्यावर मी गोष्टीला कुबड्या लावत होते, आणि मला ते दिसत होतं.

आणि ललिता. अडतीसच्या सरंजामेला वार्धक्यात गेलेली बायको कशी असेल? जिवंत ठेवली तर शोकाचं पुस्तक खोटं पडतं. मी तिला सगळ्या पुस्तकांतून काढली. तिची वाक्यं शेजाऱ्याला दिली. मला सांभाळणाऱ्या बाईचं बोलणं – शेजाऱ्याला!

पुस्तकं आली आणि इथल्या मराठी मंडळींनी काकांचा सत्कार ठरवला. काकांनी नवी पुस्तकं तोवर उघडलीही नव्हती. 'फक्त सालं छापली आहेत,' असं मी त्यांना सांगितलं होतं. सभागृहात एक कॉलेजचा विद्यार्थी उठला. म्हणाला, "सरंजामे आज अडतीसचा आहे, आणि बांगलादेशच्या लढाईत कॅप्टन होता. म्हणजे तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असणार. हे कसं?"

ती बेरीज माझीच चुकली होती. लढाई सरकवली, ती कुठवर सरकते ते पाहिलंच नाही.

काका उठले. "कुठली बांगलादेशची लढाई? सरंजामे ब्रह्मदेशात होता. आज बहात्तरचा आहे. गुडघे दुखतात त्याचे." लोक प्रेमानं हसले. काकांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, चाळलं, दुसरं उचललं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ललिता कुठाय? हे मी लिहिलेलं नाही. सुनो भाई, हे माझं नाहीच."

सत्काराला आलेले प्रकाशक माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि हसून म्हणाले, "काकांना हल्ली आठवत नाही. सगळे बदल त्यांनीच मला सांगितले होते. वय झालंय आता."

आणि लोकांनी मान डोलावली! काय तत्परतेनं डोलावली. म्हातारा माणूस स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलतोय, तर एकाला वाटू नये की तो खरं बोलत असेल? एकीनं त्यांना हाताला धरून बसवलं. त्या सभागृहाचा मला आजही राग येतो. पण तो खोटा आधार त्यांच्या हातात दिला कुणी?

भाऊ घाबरला, डॉक्टरांना घेऊन आला. काकांनी साल सांगितलं, वार सांगितला, शंभरातून सात वजा करत करत खाली आले, एकदाही अडखळले नाहीत. डॉक्टर गोंधळले. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठून म्हटलं, "आज बरं आहे. रोज असं नसतं."

त्यानंतर घरी येणारा प्रत्येक माणूस काकांशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला, लहान मुलाशी बोलतात तसा. पहिले काही महिने ते चिडायचे. चिडले की लोक माझ्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवायचे. मग त्यांनी उत्तरं देणंच सोडलं. ते पुन्हा काही लिहायला बसले नाहीत. मी सरंजामेच्या आणखी पाच कथा लिहिल्या. पाचही खपल्या.

काका गेले तेव्हा इंदूरच्या वर्तमानपत्राला बातमी मीच फोनवरून सांगितली. त्यात 'अखेरची काही वर्षं स्मृती साथ देत नव्हती' हे वाक्य माझं आहे. ते काहीही विसरले नव्हते. मला ते रोज माहीत होतं.