‘कर्ल आहे, उतरू नका’

मल्लेश्वरममधल्या आमच्या भाषांतराच्या ऑफिसात एका धबधब्याच्या पाट्या मराठीत करायला आल्या होत्या. हातात होतं ते फक्त कन्नडवरून मशीनने केलेलं इंग्रजी. एक पाटी म्हणत होती, ‘हिअर इज कर्ल. डू नॉट गेट डाउन.’ मला वाटलं, रस्त्याला वळण असेल, तिथे गाडीतून उतरायचं नसेल. पण नकाशात पाहिलं तर ही पाटी पाण्याच्या काठावर लागणार होती. तिथे गाडी कुठून येणार?

तेवढ्यात प्रिंटरचा फोन आला. “मॅडम, मशीन थांबवून ठेवलंय, पाठवा लवकर!”

“मूळ कन्नड पाहिल्याशिवाय ही पाटी पाठवणार नाही,” मी म्हणाले.

धबधब्यावरच्या रखवालदाराचा फोन कितीतरी वेळ लागेना. अखेर त्याने जुन्या पाटीचा फोटो पाठवला. मला कन्नड वाचता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या अक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी वाचलं आणि त्या एकदम गंभीर झाल्या.

“सुळी लिहिलंय गं. डोक्यावर केसांची असते ती सुळी, आणि पाण्यातलीही सुळीच. मशीनने केस धरले.”

“म्हणजे भोवरा!” मराठीतही दोन्हींना हाच शब्द.

मी टाइप केलं: ‘पाण्यात भोवरे आहेत. पाण्यात उतरू नका.’

“सरी, आता बरोबर,” म्हणत अक्कांनी उरलेल्या पाट्यांचे फोटो मागवायला लगेच रखवालदाराला फोन लावला.