रेट पडू दे

टीव्हीवर कोट घालून पैशाबद्दल बोलणाऱ्या माणसावर माझा काडीचाही विश्वास नाही. पिपरी मेघेत घराच्या पुढच्या खोलीत मी म्युच्युअल फंडांचं काम करते. संशय घेणं हे त्या धंद्यातलं अर्धं भांडवल. पण माझ्यावरच, तेही सख्ख्या भावाने संशय घ्यावा, हे त्या वर्षी पहिल्यांदा घडलं.

लहान भावाचं आंजीला कापूस-तुरीच्या खरेदीचं दुकान आहे. त्याने प्लॉट विकला आणि पोरीच्या मेडिकलच्या फीचे पैसे माझ्याकडे गुंतवायला आणले. पैसा लवकरच लागणार, म्हणून मी म्हटलं, अगदी कमी मुदतीच्या फंडात ठेव.

त्याने डोळे बारीक केले. "त्याच्यात तुले कमिशन जास्त असन."

त्याला हवा होता सरकारी रोख्यांचा लांब मुदतीचा फंड, कारण मागचा परतावा त्याचाच मोठा दिसत होता. सरकार बुडवत नाही, पण रोख्याचा भाव खाली-वर होतो, हे मी बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो म्हणाला तसंच मी केलं.

मग तेल महागलं, गॅस महागला, आणि मध्यवर्ती बँकेने अवचित व्याजदर वाढवला. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'रेट' म्हणतात. तेवढ्यात भावाचा फोन, आवाजात साखर.

"ताई, रेट वाढला म्हणून राह्यला टीव्हीवाला. आपला फंड किती चढला?"

"पडला," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला. पुढे त्याने स्वतःच्या मनाने घेतलेले शेअरही उतरले. कर्ज महागलं की कंपन्यांचा नफा आटतो, आणि बँकेतच बरं व्याज मिळू लागलं की जोखमीत पडायची हौस फिटते. पिठाच्या गिरणीवाल्याच्या नादाने घेतलेली क्रिप्टोची नाणी तर सगळ्यांत जोरात कोसळली. त्यांना ना व्याज, ना नफा. पैसा स्वस्त होता तोवर चढली होती. तिन्ही एकदम पडतात म्हणजे कुणीतरी लबाडी करतंय, असं त्याने ठरवलं. हाताशी सापडणारी लबाड मीच होते.

तो घरी आला तेव्हा मी म्हटलं, "अर्धे तरी आज काढून घे. महागाई थांबली नाई. बँक पुन्हा रेट वाढवीन असं वाटते मले."

"घाट्यात माल काढत नाई मी. रेट येऊ दे, मंग पाहू."

"अरे, रेट पडला पाह्यजे. मी तर देवाजवळ रोज तेच मागून राह्यली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. चहा तसाच ठेवून उठून गेला.

त्या राखीला बोलावणं आलं नाही. फोन केला तर भावजय चाचरत म्हणाली, "ते म्हणतात, ताई आपलं वाईट चिंतते." मला वाटलं, हिनेच कान भरले. रात्रभर मनातल्या मनात तिच्याशी भांडले.

फीची तारीख जवळ आली. मध्यवर्ती बँकेची पुढची बैठक झाली, व्याजदर आणखी वाढला आणि भाऊ दारात उभा, चेहरा खुललेला. "अर्धा टक्का रेट आला, ताई! काढ आता सगळं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा व्यापारी माणूस. त्याच्या दुकानात रेट म्हणजे मालाचा भाव, दुसरा अर्थच नाही.

"अरे, तो तुह्या मालाचा रेट नाई, व्याजाचा आहे. तुह्याजवळ सहा टक्क्यांचा जुना रोखा. बाजारात आता साडेसातचा नवा भेटते. तुहा जुना पुऱ्या भावात कोण घेईन?"

"भाव तोडूनच घेईन," तो चटकन म्हणाला. आणि मग खाली बसला. त्याने विचारलं, "म्हणजे तू रेट पडू दे म्हणे, ते माह्यासाठी?"

"मंग कोणासाठी, रे?" मला रडूच आलं.

फीसाठी अर्धेच पैसे तोट्यात काढले, बाकीचे काढायला त्याचं मन होईना, म्हणून कमी पडलं तेवढ्यासाठी त्याला भाव चढेल म्हणून धरून ठेवलेली तूर पडत्या भावात विकावी लागली. पोरीची ॲडमिशन टिकली. उरलेला पैसा त्याने फंडातच ठेवला.

पुढे महागाई ओसरली. बँक आता व्याज कमी करणार अशी हवा होती. बैठकीच्या दिवशी मी आंजीला त्याच्या दुकानात होते. कापूस घेऊन आलेले शेतकरी बाकावर बसले होते. भावाने मोबाईलवर बातम्या लावल्या आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"पडू दे रे देवा, रेट पडू दे."

बाकावरचा म्हातारा उठला. भावाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, "गाडी वळव."

"अजी बाबा, कापसाचा नाई, व्याजाचा!" भाऊ मागे धावला. म्हातारा थांबेना. भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग ना त्याईले."

"मी सांगून काय होते?" मी म्हटलं. "मी तुही बहीण. माह्यावर ते काऊन विश्वास ठेवतीन?"