खोडव्याची तारीख

नव्वदच्या दशकात श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात मी संगणक-प्रणाली तपासायला बसलो होतो. ती लिहिणारा पुण्यात. मी चूक सापडली की क्रमांक टाकून फॅक्स करायचो, तो दुरुस्त करायचा किंवा फेटाळायचा. एक्केचाळीस नंबरच्या चुकीवर त्याने लिहिलं, "ठरल्याप्रमाणेच चालते. बंद."

चूक ऊसतोडीच्या यादीत होती. लागण आधीची, तर तोड आधी, असा हिशोब. पण खोडवा म्हणजे एकदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक. त्याचं वय मागच्या तोडीपासून धरतात. प्रणाली ते मूळ लागणीपासून धरत होती. नऊ महिन्यांचा कोवळा खोडवा बावीस महिन्यांचा ठरून यादीत सगळ्यात वर.

त्याने पुरावा म्हणून, प्रणालीने काय करायचं हे ठरवून दिलेल्या आराखड्याचं पान जोडलं होतं. खाली सही माझीच! नगर जिल्ह्यात उसात वाढलेला मी. खोडव्याची तारीख कुठली हेही लिहावं लागतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. फार लाज वाटली, आणि त्या पुण्यातल्या माणसाचा रागही आला.

रागात लिहिलेला पहिला मजकूर फाडला. दुसऱ्यात मीच फार वाकलो होतो. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पाठवला तो असा:

"एक्केचाळीस नंबर बंद केल्याचं कळलं. आराखड्याप्रमाणे आपलं बरोबर आहे. तो आराखडा अपुरा आहे, आणि तो मी दिला. खोडव्यासाठी मागच्या तोडीची तारीख धरावी लागते. सोबत तीन नोंदी जोडल्या आहेत. कृपया पुन्हा उघडून पाहावं."

संध्याकाळी उत्तर आलं, "पटलं. पुन्हा उघडतो. दोन दिवस द्या." त्याने एका शब्दानेही टोचलं नाही. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी कांडकं घेऊन टेबलापाशी उभे राहिले. वरपासून खालपर्यंत पाणचट ऊस. प्रणालीच्या त्याच जुन्या यादीवरून कारखान्याच्या शेतकी विभागाने आदल्या दिवशी तोडणीची टोळी धाडली होती आणि त्यांचा सगळा खोडवा आडवा झाला होता.

"मी म्हनलो त्यांला, आजून कवळा हाय," ते म्हणाले. "तर म्हनले, कंप्युटरनं काढलंय, चुकत न्हाई."

मी म्हणालो, "काका, चूक मला चार-पाच दिवसांपूर्वीच सापडली होती. पुण्याला कळवलं."

त्यांनी कांडकं माझ्या टेबलावर ठेवलं.

"पुन्याला व्हय," ते म्हणाले. "शेतकी हापिस तर ह्या भिताडापलीकडंच हाय की."