गोधडीत शिवलेली मार्कशीट

छबूबाई आमच्या शाळेच्या ऑफिसात कधी आल्या की खुर्चीवर बसत नाहीत. लेकीच्या पाचवीच्या प्रवेशाला आल्या होत्या तेव्हाही दाराला टेकून उभ्या होत्या, आणि यंदा एप्रिलमध्ये आल्या तेव्हाही तशाच. फरक एवढाच की यंदा त्या उभ्या राहिल्या राहिल्या रडायला लागल्या, आणि मला रडणाऱ्या माणसांचा भयंकर राग येतो. राग येतो म्हणजे काय, काय करावं ते कळत नाही.

मी बन्सीधर, पोखर्णीच्या या शाळेत लिपिक. गावात मला भाऊसाहेब म्हणतात, आणि पाठीमागे खडूसही म्हणतात, ते मला ठाऊक आहे. दाखला मागायला येणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारतो. पण छबूबाईंच्या शिवकन्येचं नाव निघालं की माझा खडूसपणा जरा सैल पडतो. या पोरीनं आमच्याच शाळेतून दहावी केली, बारावीही इथलीच. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ही मावशीकडे राहून शिकायची आणि पहाटे शाळेच्या मैदानावर पळायची. गेल्या वर्षी पोलीस भरतीत मैदानी निघाली, लेखी निघाली, निवड यादीत नाव लागलं. उरली होती फक्त कागदपत्रांची तपासणी. ती झाली की वर्दी.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"कागदं गेले, भाऊसाहेब. समदे."

हळूहळू उलगडा झाला. शिवकन्या परभणीत दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. खोलीवर चोऱ्या होतात असं छबूबाईंच्या कानावर आलं. घर तर सहा महिने बंद, पत्र्याचं, उंदरांचा सुळसुळाट. मग बाईंनी लेकीची दहावी-बारावीची मार्कशीटं, बोर्डाची प्रमाणपत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि आपल्या अंथरुणाच्या गोधडीत, दोन थरांच्या मधोमध, शिवून टाकला. तोडीला गेल्या तेव्हा ती गोधडी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या खोपटात, त्यांच्या अंगाखाली होती. कारखान्याचा हंगाम संपला, सगळ्यांनी पसारा ट्रॉलीत भरला. वारं सुटलं म्हणून कुणीतरी ती गोधडीच पसाऱ्यावर पांघरली. घरी येऊन पाहतात तर गोधडी नाही. वाटेत कुठे उडाली, कोणत्या जिल्ह्यात उडाली, देव जाणे. मुकादमाला फोन झाले, ट्रॅक्टरवाल्याला झाले, छबूबाईंचा नवरा सुग्रीव मोटारसायकलवर उलट्या वाटेनं ढाब्याढाब्यावर विचारत गेला. काही हाती लागलं नाही.

"अंगाखाली ठिवलं व्हतं मी," छबूबाई म्हणाल्या. "पोरगी पोटात असताना जपलं न्हाई तेवढं जपलं."

शिवकन्या मागे उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. ती म्हणाली, "सर, फोनमध्ये डिजिलॉकरची मार्कशीट हाय. पण भरतीच्या सूचनेत मूळ कागदपत्रं लिवलंय."

"ती फोनमधली नीट ठेव," मी म्हणालो. "बैठक क्रमांक, महिना, वर्ष, सगळं त्यात आहे. तेच आपल्याला लागणार आहे."

मग मी एक कोरा कागद ओढला आणि कामाचा क्रम लिहून दिला. आधी पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद. मग वर्तमानपत्रात जाहीर सूचना. मग तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र. हे तिन्ही जोडून शाळेकडे अर्ज. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत आम्हीच जनरल रजिस्टर बघून देतो. मार्कशीट आणि प्रमाणपत्राचा अर्ज मात्र मुख्याध्यापकांच्या शिफारशीनं विभागीय मंडळाकडे, छत्रपती संभाजीनगरला जातो. यातलं काहीही मागेपुढे केलं तर फाईल परत येते, आणि परत आलेली फाईल मला अजिबात आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. जायची गरज नव्हती. पण घरी बसलो असतो तर जेवण गेलं नसतं.

ठाण्यात हवालदार तात्याराव होते. जाताना वाटेतच सुग्रीवनं एक शक्कल काढली होती, नि ती त्यानं टेबलापाशी लगेच चालवायला घेतली. "साहेब, परभणीच्या बस स्टँडवर पिशवी पडली असं लिवा. लोकं तसंच लिवतात. ट्रॉली, गोधडी... कोण ऐकतंय? उगं चौकशी लागंल, पोरीची तारीख जाईल."

खरं सांगायचं तर शक्कल वाईट नव्हती. असे अर्ज मी किती वाचलेत! आपल्याकडे हरवणारी प्रत्येक पिशवी बस स्टँडवरच हरवते. तात्यारावही पेन उचलून बसले होते.

छबूबाई दाराजवळून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "न्हाई जी. बस स्टँडवर न्हाई पडलं. माझ्या गोधडीत व्हतं, ट्रॉलीवरून गेलं. तसंच लिवा."

"अगं, तुला काय कळतंय?" सुग्रीव दबक्या आवाजात खेकसला.

"मला लय कळतंय. पोरगी पोलिसात जायलीय. तिच्या पयल्याच कागदावर खोटं लिवून घालू का? उद्या हीच त्या खुर्चीवर बसंल आन् लोकं हिच्यापुढं खोटं लिवतेल. मंग ही कोणत्या तोंडानं बोलंल?"

तात्यारावांनी पेन खाली ठेवलं आणि बाईंना नमस्कार केला. मला त्या क्षणी माझ्या गावाचा, माझ्या शाळेचा आणि त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मी उगाच खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

"बसा, मावशी," तात्याराव म्हणाले. "चोरी न्हाई ना झाली? मंग गुन्हा न्हाई. गहाळ झाल्याची नोंद घेतो आमी. कुठं पडलं ते नक्की माहीत न्हाई, तर 'प्रवासात, ठिकाण माहीत नाही' असं लिवता येतंय. त्यानं काय अडत न्हाई. तुमी म्हणता तसं गोधडीचं बी लिवतो. कागदांची यादी सांगा."

छबूबाई बसल्या. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. यादी शिवकन्येनं सांगितली, अर्जावर सही तिची झाली आणि सोबत आईचा जबाब घेऊन त्याखाली आईचा अंगठा. नोंदीची सही-शिक्क्याची प्रत घेऊनच आम्ही बाहेर पडलो. ती प्रत नसेल तर पुढचं एकही दार उघडत नाही.

जाहीर सूचनेवरून मात्र घरात पुन्हा रामायण झालं. आमच्या भागात पेपरात जाहीर सूचना आली म्हणजे लोक आधी अब्रूचं काय ते शोधतात: जमिनीचा वाद, नाहीतर 'माझा मुलगा माझ्या ऐकण्यात नाही'. सुग्रीव म्हणाला, "पोरीचं नाव पेपरात? भावकी काय म्हणंल?"

"काय म्हणंल? पोरगी बारावी झाली म्हणंल," छबूबाई म्हणाल्या. "माझ्या कुळात कुणाचं नाव आलंय पेपरात? येऊ द्या."

परभणीत वर्तमानपत्राच्या ऑफिसात जाहिरात घेणारा माणूस मजकूर लिहायला बसला: कागदपत्रांची नावं, बैठक क्रमांक, वर्षं, कुणाला सापडल्यास खालील पत्त्यावर संपर्क करावा. छबूबाईंनी तो वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, "टक्के कुठं हाईत?"

"टक्के नसतात हो त्यात."

"टाका की. लय चांगले पडलेत."

त्या गृहस्थानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टक्क्यांचं काम नाही, छबूबाई. हे हरवल्याचं आहे, सत्काराचं नाही." त्या हिरमुसल्या, पण ऐकलं. सूचना छापून आली त्या दिवशी पेपरचा पूर्ण अंक जपून ठेवायला सांगितला, नुसतं कात्रण नको, कारण तारीख आणि पेपरचं नाव दिसलं पाहिजे. छबूबाईंनी एक अंक अर्जासाठी दिला आणि दुसरा गावभर फिरवला. भावकीतलं कुणी काही बोललं नाही. उलट तोडीच्या टोळीतल्या दोन बाया आपापल्या लेकींची कागदं कुठे आहेत ते बघायला लागल्या.

तहसीलमध्ये शिवकन्येनं प्रतिज्ञापत्र केलं: कागदपत्रं गहाळ झाली, कुठे गहाण ठेवलेली नाहीत, मूळ सापडली तर दुय्यम प्रत परत करीन. नायब तहसीलदारांसमोर तिनं ते वाचलं, तेही आईसारखं ताठ उभं राहून. मग मी फाईल लावली. शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतःच्या हातानं लिहिला, वर 'दुय्यम प्रत' असा लाल शिक्का मारला, मुख्याध्यापकांची सही घेतली. मार्कशीटांची फाईल शिफारशीसह घेऊन बापलेक रेल्वेनं संभाजीनगरला गेले.

मग नुसती वाट. छबूबाई दिवसाआड दारात. "आलं का जी?" "नाही आलं. आलं की मी सांगेन." "बरं." आणि पुन्हा परवा हजर. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, मंडळाला दुसरी पोरं पण आहेत!" त्या म्हणाल्या, "असू द्या की. माझी एकच हाय."

तपासणीच्या आदल्या दिवशी मंडळाचं पाकीट आलं. मी ते टेबलापाशी उभ्यानंच फोडलं. मी शिपायाला पळवलं नाही, स्वतः वस्तीवर गेलो. छबूबाई अंगणात भांडी घासत होत्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी मार्कशीट दोन्ही हातांत धरली.

"वाचा," म्हणाल्या.

मी वाचलं. शिवकन्येचं नाव. मग त्याखालची ओळ: "आईचं नाव, छबूबाई."

"काय?"

"आईचं नाव. छबूबाई. बोर्ड छापतं मार्कशीटवर. पहिल्यांदाही छापलं होतं, दहावीला, बारावीला."

बाईंनी कागदावर बोट ठेवून, कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्या अक्षरांवरून त्यांनी बोट नेलं, एकदा, पुन्हा एकदा. "म्हंजी इतके म्हैने मी माझंच नाव अंगाखाली घिऊन निजत व्हते," त्या म्हणाल्या. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोलीस मुख्यालयाच्या फाटकाबाहेर आम्ही उभे होतो. आत उमेदवारांची रांग, बाहेर आईबापांची गर्दी. सुग्रीव बिडी न ओढता नुसती हातात धरून होता. दुपार कलली तेव्हा शिवकन्या बाहेर आली. लांबूनच तिच्या चालीवरून कळलं. सुग्रीवनं बिडी खिशात टाकली.

"माय, झालं! समदे कागदं मान्य केले त्यांनी."

छबूबाईंनी लेकीचे खांदे धरले. वर्दी कधी, रुजू कधी, काही नाही. पहिला प्रश्न केला, "माझं नाव वाचलं का त्यांनी?"

"वाचलं की. साहेबानं अर्जाशी ताडून बघितलं. आईचं नाव छबूबाई, म्हणले. मोठ्यानं."

"मोठ्यानं?"

"लय मोठ्यानं, माय."