नाकावरचा भरवसा

सौंसरच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर माझी उमर गेली. शाळा मी चौथीत सोडली, पण पेट्रोल मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. टँकर आला की मी वर चढायचो, झाकण उघडून आत तोंड घालायचो आणि एक लांब श्वास घ्यायचो. घासलेट मिसळलं असेल तर मला नाकानं कळायचं. टँकरवाल्यावर माझा भरवसा नव्हता, त्याच्या कागदावर नव्हता, काचेच्या नळीनं डेन्सिटी मोजणाऱ्यावर तर मुळीच नव्हता. मालक म्हणायचे, "बुढ्याचं नाक म्हणजे आपली मशीन." हे ऐकून मी दिवसभर ताठ चालायचो.

मग मालकांनी पंप सुनेच्या हाती दिला. बाई नागपुरात शिकलेली. आल्या आठवड्यातच आम्हा पंपावरच्या माणसांना चमकत्या पट्ट्यांच्या बंड्या दिल्या, हातमोजे दिले, पेट्रोलनं हात धुवायचा नाही म्हणाली. गाडीच्या पुढं उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. इंजिन बंद झाल्याशिवाय आणि मोटरसायकलवाला खाली उतरल्याशिवाय नोझल लावायचं नाही.

हे मी ऐकलं. पंपावर माझ्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराच्या पायावरून एकदा पिकअप गेली होती, गियरमध्ये राहिलेली. आणि एका मे महिन्यात रामाकोन्याचा एक संत्रेवाला फवारणीच्या पंपासाठी पेट्रोल न्यायला आला होता. प्लास्टिकची कॅन मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, नायलॉनच्या बोरीवर. मी ती तिथंच भरत होतो. नोझल कॅनच्या तोंडाला लागलं आणि टिचकी वाजावी तसा बारीक आवाज झाला. कॅनच्या तोंडावर निळी ज्योत. ना विडी, ना काडी! मी नोझलचा खटका सोडला आणि तसंच ठेवून मागं पळालो. जोडीदारानं वाळूची बादली टाकली म्हणून निभावलं. माझ्या हातावरचे केस तेवढे जळले. कोरड्या हवेत, प्लास्टिकवर अशी वीज साचते म्हणे. तेव्हापासून डबा लोखंडाचा, जमिनीवर ठेवलेला, नोझल तोंडाला टेकवून आणि धार हळू. बाईनं हे सांगायच्या आधीपासून मी करत होतो.

म्हणजे गाडी दिसते, आग दिसते. त्यांना मी मानायचो. वाफ दिसत नाही. तिच्यासाठी बाई जे सांगू लागली ते माझ्या डोक्यात बसेना.

"काका, टँकरमध्ये तोंड घालणं बंद. आणि सगळ्यांचं रक्त तपासायचं आहे. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असतं, ते हळूहळू रक्त खराब करतं."

"मले काई झालं नाही."

"झालं की नाही, तेच पाहायचं आहे ना."

मी जोडीदाराला म्हटलं, "पाह्य, ही काय करून राहिली. आधी रक्त काढतील, मग कागद बनवतील, मग म्हणतील काका तुम्ही आजारी, जा घरी. माझ्या जागी तिच्या माहेरचा कोणी येईल."

"काऊन जी, तुमच्या जाग्यावर यायला कोण मरून राहिलं?" तो हसला. मला हसू आलं नाही. पंपावरून घरी गेलो असतो तर घरात मी कोण होतो? खाटेवरचा एक म्हातारा.

रक्त द्यायला मी गेलो नाही. त्या दिवशी लोधीखेड्याला लग्न आहे म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. दुपारी डोकं जड व्हायचं. दंडावर कुठं न लागता काळेनिळे डाग पडायचे. बाही मी खाली ओढून ठेवायचो.

काही दिवसांनी टँकर आला. नव्या रीतीप्रमाणे चाकांखाली लाकडं लावली, अर्थिंगची तार टँकरला जोडली, भोवती प्लास्टिकच्या उंच लाल टोप्या मांडून गाड्या अडवल्या, टँकर थोडा वेळ थंड उभा ठेवला. बाई ऑफिसात होती. मी पटकन वर चढलो, झाकण उघडलं, आत तोंड घातलं.

वास मला वेगळाच लागला. बोदा, मेलेला.

"घासलेट आहे याच्यात!" मी वरून ओरडलो. "टँकर वापस न्या!"

ड्रायव्हर भडकला. "खाली उतर ना बे बुढ्या! सील तुझ्यासमोर तोडलं. चोर म्हणतो काय मले?"

"म्हणतो. नाक खोटं बोलत नाही."

बाई धावत आली. मला खाली उतरवलं, पण रागावली नाही. नमुना काढला, काचेची नळी सोडली, थर्मामीटर पाहिलं, तक्त्याशी जुळवलं. चलनावरच्या आकड्याशी मिळालं. मी म्हटलं, आकडे कोणी लिहिले? तेव्हा तिनं गाळणीच्या कागदावर थेंब टाकला आणि कागद माझ्याच हातात दिला. थेंब उडून गेला. मी कागद उन्हाकडं धरला, उलटा केला, पुन्हा धरला. डाग नव्हता. माल चोख होता.

ड्रायव्हर म्हणाला, "आता नाक धुऊन ये, काका." मघाशी बुढ्या म्हणत होता, आता त्याला माझी कीव आली होती. ती जास्त लागली.

मी तसाच समोरच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन बसलो. ठेलेवाला लाल मिरचीची फोडणी देत होता. आजूबाजूचे सगळे ठसकले, डोळे पुसू लागले. माझे डोळेही झोंबत होते, पण वास? काहीच नाही. मी कढईवर वाकलो. तरी नाही. मग मला त्या डागांची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन एकटाच बसनं पांढुर्ण्याला गेलो. सौंसरात तपासलं असतं तर बाईनं रिपोर्ट फिरवला असता, हा माझा हिशोब. लॅबवाल्या पोराला बाटलीवर माझं नाव दोनदा वाचायला लावलं. डॉक्टरनं कागद पाहिला, दंड पाहिला.

"पांढऱ्या पेशी कमी आहेत, प्लेटलेटही. काय काम करता?"

मी सांगितलं. टँकरमध्ये तोंड घालतो तेही सांगितलं.

"बाबा, पेट्रोलमुळंच झालं असं आज मी सांगू शकत नाही, दुसरी कारणंही पाहावी लागतील. पण बेंझिन हाडातल्या मज्जेवर परिणाम करतं, रक्त तिथंच बनतं. आणि नाकाला रोजच्या वासाची सवय होऊन जाते, ते सांगतच नाही किती घेतलं. वाफेपासून दूर राहा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

बसमध्ये रिपोर्ट धोतराच्या कनवटीला खोचला. दाखवला तर जागा जाणार. लपवला तर कदाचित मीच जाणार. दोन दिवस लपवला. तिसऱ्या दिवशी बाईच्या टेबलावर ठेवला आणि उभाच राहिलो.

"घरी पाठवत असाल तर आताच सांगा."

तिनं पूर्ण वाचलं. "घरी नाही. नोझलवरून आणि टँकरवरून काढते. वारा येतो त्या बाजूला, आत शिरायच्या रस्त्यावर उभं राहा. गाड्या लायनीत लावायच्या, टँकर खाली होताना कोणालाही आत येऊ द्यायचं नाही. पगार तोच."

"लिहून द्या."

तिनं लिहून दिलं. मी तो कागद शेजारच्या मास्तराकडून वाचून घेतला, मग मानला. आणि अट घातली: रक्त सगळ्यांचं तपासायचं, तुमचंही, आणि ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात. ती म्हणाली, "माझं पहिल्याच दिवशी झालं, काका." मी म्हटलं, दाखवा. तिनं दाखवला.

तीन महिन्यांनी पांढुर्ण्याला पुन्हा गेलो. आकडे थोडे वर आले होते. डॉक्टर म्हणाले, सुधारतंय, पण नोझलकडं परत जायचं नाही, तपासणी चालू ठेवायची. बाई खूश झाली. मी तिला म्हटलं, मी जागा सोडली ती तुमच्या सांगण्यावरून नाही, रिपोर्टवरून. ती म्हणाली, बरं. आता टँकर आला की मी रस्त्यावर आडवा हात करून उभा असतो, आणि एकदा तिच्या सासऱ्याची गाडीसुद्धा बाहेरच उभी ठेवली.