आजोबांचं पातळ औषध

तुमच्या आजोबांना लिव्हर सिऱ्हॉसिस झाला, तेव्हा गल्लीने परस्पर ठरवलं की दारूच असणार. त्यांनी थेंबही घेतला नव्हता. जुन्या काविळीने यकृत पोखरलं होतं. मी कुणालाही खुलासा दिला नाही.

पोटात पाणी साठून ते ताणलं होतं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. म्हणून मीठ अगदी कमी, आणि जोडीला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. मी लोणचं, पापड, खर्डा घराबाहेर काढला आणि पाणी वाढतंय का ते कळावं म्हणून रोज सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करू लागले. अळणी रस्सा पाहून आजोबा ओरडायचे, "हे जेवण हाय का शिक्षा?"

"शिक्षा. जेवा."

तिसरी गोष्ट म्हणजे लॅक्टुलोज, पाकासारखं गोड पातळ औषध. आतड्यातले जंतू अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत तो काढून टाकतं, आजारी यकृताला ते झेपत नाही, मग तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस भ्रमिष्टासारखा होतो. हे औषध अंगात शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचं आम्ल करतात. त्यात अमोनिया अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणून रोज दोन-तीनदा मऊ शौचाला व्हायलाच हवं.

उचगावला पुतणीचं लग्न होतं. शिरोळची माझी नणंद हळदीआधीच त्यांना घेऊन पुढे गेली. मी बाटली दिली, डोस समजावला.

"वहिनी, दादा मांडवातनं सारखा उठून जाणार व्हय? आधीच वाळलाय की जुलाबानं!"

"हा जुलाब नाही वन्सं, हाच इलाज आहे."

तिने मान डोलावली, पण लग्नघरी बाटली पिशवीतच राहू दिली. आजोबांनाही भावांमध्ये रुबाबात बसायचं होतं.

लग्नाच्या सकाळी मी पोचले. मंगलाष्टकं संपली तरी अक्षता त्यांच्या मुठीतच होत्या. हात थरथरत होते, सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठलं पावणं?"

"नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळा," एक काकू म्हणाल्या.

"झोपेची गोळी द्या, शांत पडतील," दुसरं कुणीतरी.

"काही द्यायचं नाही! रिक्षा आणा," मी मांडवात ओरडले. नणंद रडत म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

हॉस्पिटलात त्याच औषधाचा एनिमा दिला. रक्त तपासून क्षार सावरेपर्यंत लघवीच्या गोळ्या थांबवल्या. पोट साफ होत गेलं, तसा माणूस परतला. दुसऱ्या दिवशी मला नावाने हाक मारली आणि लगेच म्हणाले, "मांडवातला रस्सा लई झ्याक हुता."

म्हणजे मीठही खाल्लं होतं.

पुढे पोटातलं पाणी सुईने काढावंही लागलं, पण आम्ही एकही लग्न चुकवलं नाही. मी शौचालयाजवळची खुर्ची मागायची आणि चारचौघांत औषधाचा चमचा भरायची. ते उठले आणि कुणी कुजबुजलं, की मी मोठ्याने म्हणायची, "जाऊन या सावकाश. मी जागा धरलीय."